आठ महिन्यांचा कोंडा: एक डोकं, तीन निदानं

मावशींचं वय ६१. कराडकडच्या एका गावातून मुलाच्या मोटारसायकलवर बसून आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि घरातले एकदोन तपशील मी बदलले आहेत. आजार होता तसाच ठेवला आहे.) सोबत कापडी पिशवी होती. तीत शाम्पूच्या दोन रिकाम्या बाटल्या, लोशनची एक अर्धी बाटली आणि घडी करून ठेवलेला लॅबचा रिपोर्ट. तक्रार एका वाक्यात सांगून झाली: "डोक्यात कोंडा झालाय, आठ महिने झाले, खाजवून खाजवून जीव नको झालाय."

आमच्याकडे येणारे बहुतेक जण कोंडा म्हणूनच येतात. खाज आणि पांढरे पापुद्रे एवढंच पाहिलं तर साधा कोंडा, डोक्यातला नायटा आणि सोरायसिस हे तिन्ही सारखेच दिसू शकतात. मावशींच्या बाबतीत मात्र गुंता वेगळाच होता. आतापर्यंत त्यांच्यावर दोन उपचार झाले होते आणि दोन्हींनी त्यांना बरं वाटलं होतं.

"शाम्पूनं फरक पडला होता का?"

"पडला की. तीन आठवडे डोकं कसं हलकं झालं होतं. मग परत होतं तसं."

"आणि या लोशननं?"

"त्यानं तर दोन दिवसांत खाज थांबली. पण लावायचं सोडलं की दुप्पट."

शाम्पू किटोकोनॅझोलचा होता, औषधाच्या दुकानातून आणलेला. लोशनमध्ये क्लोबेटासॉल हे तीव्र स्टेरॉइड आणि सॅलिसिलिक ॲसिड होतं. ते एका डॉक्टरांनी सोरायसिस म्हणून दोन आठवड्यांसाठी दिलेलं. मावशींनी ते तीन महिने लावलं. लॅबच्या रिपोर्टवर लिहिलं होतं, बुरशी आढळली नाही.

पहिला अंदाज कोंड्याचा होता आणि तो काही वेडगळ नव्हता. कोंडाही एका अर्थाने बुरशीशीच जोडलेला आहे. मॅलासेझिया नावाचं यीस्ट तुमच्याआमच्या सगळ्यांच्या डोक्यावर राहतं. टाळूच्या तेलकट स्रावावर ते जगतं. त्यातली चरबी फोडून स्वतःला हवं ते खातं आणि उरलेली काही आम्लं, मुख्यतः ओलेइक ॲसिड, तिथेच टाकतं. काहींच्या त्वचेला त्याचा काहीच त्रास होत नाही. काहींची त्वचा चिडते, पेशी घाईघाईने झडू लागतात आणि तोच कोंडा. हाच प्रकार लाली आणि जास्त खाज घेऊन आला की त्याला सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात. म्हणजे हा बाहेरून लागलेला संसर्ग नव्हे. घरातल्या जुन्या भाडेकरूशी उडालेला खटका म्हणा. म्हणूनच तो शाम्पूने आटोक्यात येतो आणि शाम्पू बंद केला की काही आठवड्यांनी परततो.

तेलावर जगणारं यीस्ट म्हटल्यावर ते जिथे तेल जास्त तिथेच उपद्रव करणार. त्यामुळे कोंड्याचा रुग्ण आला की मी डोक्याआधी चेहरा पाहते. भुवयांमध्ये, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घळीत, कानांमागे आणि पुरुष असेल तर छातीच्या मध्यावर पिवळसर, बोटाला चिकटणारे पापुद्रे आणि फिकट लाली असेल तर निदान अर्धं झालेलं असतं. मावशींचा चेहरा स्वच्छ होता. कानांमागेही काही नव्हतं. केसांना मात्र खोबरेल तेल चापून लावलेलं होतं. तेलाने पापुद्रे कवटीला चिकटून बसतात आणि तपासणाऱ्याला काहीच नीट दिसत नाही. स्पिरिटच्या बोळ्याने तेल पुसून घेतलं तेव्हा खालचे पापुद्रे कोरडे आणि भुरकट निघाले. त्यांना तेलकट पिवळी झाक नव्हती.

सोरायसिसच्या बाजूनेही मुद्दे होते आणि खरं सांगायचं तर पहिली पाच मिनिटं मीही तिकडेच झुकले होते. मावशींचे कोपर खरखरीत, काळपट होते. रक्तदाबासाठी त्या बरीच वर्षं ॲटेनोलॉल घेत होत्या. बीटा ब्लॉकर गटातल्या या गोळ्यांनी सोरायसिस उफाळू शकतो. त्यात स्टेरॉइडने लगेच उतार आणि थांबवल्यावर दुप्पट, हेही सोरायसिसला साजेसंच. आधीच्या डॉक्टरांनी कुठून कुठे जोडलं असेल ते मला दिसत होतं.

पण डोक्यातला सोरायसिस डोळ्यांइतकाच बोटांनाही कळतो. डोळे मिटून केसांतून बोटं फिरवली तरी जाडसर चकत्यांच्या कडा हाताला लागतात: इथे सुरू झाली, इथे संपली. मधली त्वचा अगदी सामान्य असते. पापुद्रे चांदीसारखे पांढरे आणि थरावर थर चढलेले असतात. एकेक थर हळूच खरवडत गेलं की शेवटी टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसतात. या चकत्या केसांच्या रेषेवर थांबत नाहीत. कपाळावर, मानेवर बोटभर खाली उतरतात. मग मी नखं पाहते, कारण डोक्याचा सोरायसिस असलेल्यांपैकी अनेकांच्या नखांवर शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे असतात, किंवा नखाखाली तेलाचा थेंब पसरल्यासारखा पिवळट डाग असतो. सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे आखडतात का, घरात कुणाला असा त्रास होता का, हे प्रश्नही विचारायचे असतात.

मावशींच्या डोक्यात कडा लागेनात. टाळूवर एक आणि मागच्या बाजूला दोन असे विरळ भाग होते, पण ते कुठे सुरू होतात ते सांगता येत नव्हतं. कपाळाची रेषा कोरी होती. नखं काबाडकष्टाने झिजलेली, पण खड्डे नव्हते. कोपरांचा उलगडाही त्यांनीच केला. दुपारभर जमिनीवर कोपर टेकून आडवं व्हायची सवय. ती त्वचा नुसती घासून जाड झाली होती, वर चांदीचा थर नव्हता.

कोंडा आणि सोरायसिस यांच्यातली रेषा नेहमी इतकी ठळक नसते, हेही इथे सांगायला हवं. तेलकट पिवळे पापुद्रे आणि जाड कडा एकत्र दिसणारे रुग्ण असतात. त्यांना आम्ही सेबोसोरायसिस म्हणतो, आणि कधी कधी त्वचेचा तुकडा काढून तपासला तरी अहवाल काठावरच राहतो. अशा वेळी वर्ष दोन वर्षं थांबून नखं किंवा कोपर काय बोलतात ते पाहावं लागतं. उपचार दोन्हींचे बरेचसे सारखे असल्याने रुग्णाचं त्यात फार अडत नाही. तिसरा आजार मात्र सुटून चालत नाही, कारण दुसऱ्या दोघांचे उपचार त्याला वाढवतात किंवा झाकून टाकतात.

मावशी उठता उठता म्हणाल्या, "केस पण लई तुटायलेत बघा. फणीत तुकडे तुकडे येतात."

मी त्यांना परत बसवलं.

केस गळणं आणि केस तुटणं यांत फरक आहे. कोंड्यात किंवा सोरायसिसमध्ये खाजवून, पापुद्र्यांसोबत ओढला जाऊन केस गळतो, पण तो मुळासकट आणि पूर्ण लांबीचा गळतो. या दोन्ही आजारांत बिघाड त्वचेत असतो आणि केस त्यातून धडधाकट उगवत राहतो. डोक्यातल्या नायट्यात बुरशी केसातच शिरते. ही बुरशी मॅलासेझियासारखी तेलावर जगणारी नव्हे. केरॅटिनवर, म्हणजे केस आणि नखं ज्याची बनलेली असतात त्या प्रथिनावर, ती पोसते. केस आतून पोकळ होतो आणि कवटीच्या पातळीवर मोडतो. छिद्रात त्याचं खुंट उरतं आणि ते काळ्या ठिपक्यासारखं दिसतं. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना लहान पोरांच्या डोक्यातले खवडे माहीत असतात. त्याच कुळातला हा आजार, फक्त इथे तो पू आणि सूज न आणता गुपचूप आला होता.

डर्मोस्कोप म्हणजे दिवा असलेलं, दहापट मोठं दाखवणारं भिंग. विरळ भागावर ते टेकवलं तेव्हा काळे ठिपके होते, स्वल्पविरामासारखे वाकलेले आखूड केस होते आणि दोन ठिकाणी स्क्रूसारखा पीळ पडलेला केस होता. कोंड्यात याच भिंगातून फांद्या फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या आणि पिवळे पापुद्रे दिसतात. सोरायसिसमध्ये लाल ठिपके आणि वेटोळी घातलेल्या वाहिन्या दिसतात. वाकडे, पिळलेले, मोडलेले केस त्या दोघांत दिसत नाहीत. मग मानेच्या मागे, केस संपतात तिथे हात लावला. वाटाण्याएवढ्या दोन गाठी सरकत होत्या, संसर्गाने सुजलेल्या लसिकाग्रंथी.

वूड्स लॅम्पची जांभळी बत्तीही लावून पाहिली. काहीच चमकलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण बत्तीत चमक नाही म्हणजे बुरशी नाही असा समज अजूनही आहे. मायक्रोस्पोरम जातीच्या काही बुरश्या हिरव्या चमकतात. आपल्याकडे डोक्यात जास्त करून सापडणाऱ्या ट्रायकोफायटन व्हायोलेसियम आणि ट्रायकोफायटन टॉन्सुरन्स चमकत नाहीत, कारण चमकणारा पदार्थ त्या तयारच करत नाहीत.

आता राहिला तो रिपोर्ट. बुरशी आढळली नाही, हे लॅबने खोटं लिहिलं नव्हतं. मावशींना विचारलं तेव्हा कळलं की नमुना देण्याआधी आदल्या रात्री त्यांनी "स्वच्छ असावं म्हणून" तोच बुरशीनाशक शाम्पू लावून डोकं धुतलं होतं. शिवाय घेतले गेले ते फक्त पापुद्रे. बुरशी केसात आणि तपासणी पापुद्र्यांची! त्यामुळे मी नमुना पुन्हा घ्यायचं ठरवलं. शाम्पू आणि लोशन दोन्ही बंद करून आठवड्याने बोलावलं, डोकं साध्या शिकेकाईने धुऊन, तेल न लावता. काळ्या ठिपक्यांतली खुंटं सुईच्या टोकाने उकरून काढली, काही वाकडे केस चिमट्याने उपटले, आणि पापुद्रेही घेतले.

काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून केस त्यात ठेवायचा आणि वाट पाहायची. पापुद्रे दहा मिनिटांत विरघळून पारदर्शक होतात. केसाला अर्धा तास तरी द्यावा लागतो. घाई केली तर काळी काडी दिसते आणि माणूस नाही म्हणून मोकळा होतो. चाळीस मिनिटांनी पाहिलं तेव्हा केसाच्या नळीत गोल बीजाणू दाटीने भरलेले होते, पिशवीत साबुदाणा कोंबावा तसे. उरलेला नमुना कल्चरला दिला. ही बुरशी सावकाश वाढते. चौथ्या आठवड्यात नळीत जांभळट, मेणासारखी सुरकुतलेली वसाहत उगवली: ट्रायकोफायटन व्हायोलेसियम. उपचारासाठी मी तोवर थांबले नाही. केसात बीजाणू दिसले तेवढं पुरेसं होतं.

साठीत डोक्याचा नायटा कसा, असं मुलाने विचारलं. प्रश्न रास्त होता, कारण हा मुळात लहान मुलांचा आजार आहे. वयात आल्यावर टाळूच्या ग्रंथी स्रवू लागतात आणि त्या स्रावातली काही आम्लं या बुरशीला रोखतात असं मानलं जातं. पाळी गेल्यावर तो स्राव पुन्हा घटतो आणि दार पुन्हा किलकिलं होतं. म्हणून मोठ्या माणसांत हा आजार झाला तर तो बहुधा अशा बायकांना होतो. वर तीन महिने स्टेरॉइड. त्याने त्वचेची झुंजच थांबवली, लाली आणि खाज गेली आणि बुरशी निवांत पसरली. शाम्पूने वरवरचे बीजाणू मेले म्हणून तीन आठवडे हलकं वाटलं. केसाच्या आत तो पोचतच नाही.

मग माझा नेहमीचा प्रश्न. "मावशी, घरात लहान मूल आहे?"

"हाय की. नात. सहा वर्षांची. माझ्याजवळच झोपती."

"तिच्या डोक्यात काही?"

"तिच्या पण कोंडाच हाय थोडा."

तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पापुद्रे येतात ते वेगळे. पण वर्ष उलटल्यापासून वयात येईपर्यंत मुलांना कोंडा सहसा होत नाही, कारण यीस्टला लागतं ते तेलच त्यांच्या टाळूवर फारसं नसतं. सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात पापुद्रे आणि विरळ केस दिसले, तर उलट सिद्ध होईपर्यंत मी तो नायटाच धरते. दुसऱ्या दिवशी सून मुलीला घेऊन आली. उजव्या कानाच्या वर रुपयाएवढी जागा भुरकट होती, त्यात काळे ठिपके. सासूसुनेने ती जागा वेणीखाली जाते म्हणून सोडून दिली होती. आजी रोज संध्याकाळी उवा पाहायला नातीचे केस विंचरायच्या आणि त्याच लाकडी फणीने मग स्वतःचे.

मावशींना टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, चार आठवडे. आधी यकृताची रक्ततपासणी करून घेतली. रक्तदाबाची गोळी ॲटेनोलॉलऐवजी मेटोप्रोलॉल असती तर मला विचार करावा लागला असता, कारण टर्बिनाफिनमुळे तिचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि नाडी मंदावू शकते. नातीचं वजन १८ किलो होतं. २० किलोच्या आतल्या मुलांना पाव गोळी, म्हणजे ६२.५ मिलिग्रॅम. मायक्रोस्पोरम निघाली असती तर ग्रिसिओफल्विन दिलं असतं, दुधाबरोबर किंवा तुपाच्या घासाबरोबर, आणि सहा ते आठ आठवडे. नुसतं मलम किंवा शाम्पू यातल्या कुणालाच पुरत नाही. किटोकोनॅझोलचा शाम्पू तरीही दिला, घरातल्या पाचही जणांना, आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुवायचा. त्याने आजार बरा होत नाही, पण बीजाणू झडणं कमी होतं आणि वरून निरोगी दिसणाऱ्या डोक्यांतून आजार फिरत राहत नाही. टक्कल करायची गरज नाही, हे सुनेला दोनदा सांगावं लागलं. शाळाही बुडवायची नव्हती.

नवव्या दिवशी सुनेचा फोन आला. मुलीच्या कानांमागे, मानेवर आणि दंडांवर बारीक खाजरे पुरळ उठले होते. औषधाची ॲलर्जी समजून तिने तीन दिवस गोळी बंद केली होती. मी त्यांना बोलावून घेतलं. अंगावर गांधी नव्हत्या, ताप नव्हता, ओठ आणि डोळे ठीक होते, पुरळ दाण्यांसारखे आणि दोन्ही बाजूंना सारखे होते. ही आयडी रिॲक्शन. बुरशी मरू लागली की शरीर तिच्या तुकड्यांविरुद्ध उसळतं आणि जिथे बुरशी नाही अशा जागीही पुरळ येतं. खाजेचं औषध दिलं आणि गोळी परत सुरू केली. हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवायला हवं होतं. सांगितलं नाही, ही चूक माझी.

चार आठवड्यांनी नातीच्या डोक्यात नवे सरळ केस उगवले होते आणि काचपट्टी कोरी आली. मावशींच्या एका केसात अजून बीजाणू होते, म्हणून त्यांची गोळी आणखी दोन आठवडे वाढवली. आठव्या आठवड्याला दोघींची कल्चर पाठवली, ती दोन्ही कोरी आली. मावशींच्या मानेतल्या गाठी विरल्या. टाळूवरचा केस भरून आला. मागच्या बाजूची एक जागा, नखाएवढी, विरळच राहिली आहे आणि बहुधा तशीच राहील.

शेवटच्या भेटीत त्यांनी पिशवीतून अर्धी राहिलेली लोशनची बाटली काढली आणि विचारलं, की जावेच्या डोक्यातही कोंडा आहे, तर हे तिला दिलं तर चालेल का. बाटली मी ठेवून घेतली. जाऊबाईंना पुढच्या सोमवारी बोलावलं आहे, तेल न लावता.